रोज न्हाणारी बया

बयाबाईच्या केसांवरून पहिला वाद झाला तो लालबागच्या एका चाळीत, नळाच्या रांगेत. साल एकोणीसशे एकसष्ट, कार्तिक महिना. पण त्याआधी ती तिथे पोहोचली कशी, ते सांगायला हवं. बयाबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीतली. लग्नानंतर चार वर्षं तिने सासूच्या हाताखाली नाचणी लावली, पालापाचोळा जाळून राब भाजले, लाकडाच्या मोळ्या आणल्या. पाचव्या वर्षी नवऱ्याने, हैबतीने, तिला मुंबईला नेलं. वाडीतले बाप्ये बायकांना मुंबईला नेत नसत. बायको गावी, बाप्या गिरणीत, आणि भेट सणाला, अशी रीत होती. हैबतीने ती मोडली. का मोडली? तर त्याला बायको आवडायची, एवढंच. वाडीत त्यावरून महिनाभर कुजबुज झाली. कुजबुजायला लोकांना जोर लागत नाही.

चाळीतली खोली म्हणजे चार पावलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण ती दोघांचीच होती. बाकीच्या खोल्यांत आठ-आठ, दहा-दहा बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. बयाबाईला त्या चार पावलांचं केवढं कौतुक! ती शेणाने सारवता येत नाही म्हणून ओल्या फडक्याने दिवसातून तीनदा पुसायची. पुढे तिलाही गिरणीत काम मिळालं, सूत कांड्यांवर भरायच्या खात्यात. दिवसपाळी. सकाळी पदर खोचून आत जायचं आणि संध्याकाळी बाहेर यायचं ते म्हातारी होऊन. खोटं नाही. कापसाचा बारीक भुगा भुवयांवर, पापण्यांवर, आणि केसांत तर विचारूच नका. बाहेर पडलं की वरून धुराड्यांची काजळी. डोक्याला हात लावला तर बोटं काळी व्हायची.

वाडीत तिचं न्हाणं शुक्रवारी असायचं. आठवड्यातून एकदा शिकेकाई, मग खोबरेल, मग घट्ट अंबाडा. रोज डोक्यावरून पाणी घेणारी बाई म्हणजे एक तर सुतकातली, नाही तर बाजूला बसून चौथ्या दिवशी उठलेली. धडधाकट सवाष्णीने रोज डोक्यावरून न्हायचं नाही, हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं, ते अंगात मुरलेलं होतं. म्हणून मुंबईतही पहिले दोन महिने ती शुक्रवारची वाट बघायची. पण सोमवारपासूनच डोकं खाजायला लागायचं. तेल घातलेल्या केसांना तो भुगा असा चिकटायचा, की विंचरताना फणीला गाळ लागायचा. उशी काळी. टाळूला बारीक फोड. शेवटी एका मंगळवारी कामावरून आल्या आल्या तिने मोरीत बसून डोक्यावर दोन तांबे ओतले, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली. मग ते रोजचंच झालं. शिकेकाई रोज कुटणार कोण? म्हणून कपडे धुवायची साबणाची वडी तीच डोक्याला. केस काथ्यासारखे राठ झाले, टोकं तुटायला लागली, पण डोकं हलकं व्हायचं.

मग तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात, श्रावणात, एका पहाटे पोटात कळ उठली ती वेळेआधीच. इस्पितळात मूल झालं. मुलगा होता. तो रडलाच नाही. तिथल्या एका बाईने फडक्यात गुंडाळून नेला आणि हैबतीने त्याला कुठल्या मातीत ठेवलं, ते बयाबाईने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. पाळणा नाही, बारसं नाही, नाव नाही. बाळ घरात नाही म्हटल्यावर बाळंतपण झालं असं कुणी धरलंच नाही. डिंकाचे लाडू नाहीत, शेक-शेगडी नाही. गावी सासूला निरोप गेला तो एका ओळीचा. दीड महिन्याने बयाबाई पुन्हा कांड्या भरायला लागली. आणि कार्तिकात तिचे केस गळायला लागले.

असे तसे नाही. मूठभर. बोटं फिरवली की बोटांना गुंडाळून येत. भाकरीत केस, पाण्यात केस, हैबतीच्या सदऱ्यावर केस. मनगटाएवढी जाड वेणी होती तिची, ती अंगठ्याएवढी झाली.

"मंग काय व्हनार!" नळाच्या रांगेत गोदूबाई म्हणाली. ही शेजारच्या खोलीतली, महाडकडचीच, मनाने वाईट नाही, पण जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला कळतात असं समजणारी. "रोज डोस्क्यावर पानी वततेस. मुळं सुटनार नायत तर काय? आनि रोज धुतलं की टाळूतलं त्याल जातं. मंग टाळू आनखी त्याल सोडते. म्हनून तुजं डोस्कं सांजच्याला चिकट व्हतं. तू धुतेस म्हनून व्हतं गो, बाकी काय नाय."

"आनि भुगा? तो कुटं ठेवू?" बयाबाई म्हणाली.

"फडकं बांध की."

फडकं ती बांधतच होती. सगळ्याच बांधत. भुगा फडक्याला विचारून थोडाच आत जातो! पण रांगेतल्या चार बायकांनी माना डोलावल्या आणि बयाबाईलाही ते खरं वाटलं. तिने न्हाणं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, करत करत नऊ दिवस काढले. डोक्याला इतकी खाज, की कांडी भरता भरता ती पेन्सिलीने फडक्याखाली खाजवायची. नवव्या दिवशी राहवेना. न्हायली, वाळवले, फणी घातली, आणि हातात आला तो केसांचा गोळा मोठ्या लिंबाएवढा. बयाबाई मोरीच्या काठावर बसून रडली. हैबती दारात उभा होता. तो त्या दिवसांत बोलतच नव्हता फारसा.

दुसऱ्या दिवशी तो गोळा कागदात गुंडाळून ती कामगारांच्या दवाखान्यात गेली. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज जरबेचा. बायका त्यांना घाबरायच्या. बयाबाईने पुडी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही. त्यातला एक केस काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"हे टोक बघ. पांढरा ठिपका दिसतोय? हा मुळातून आलेला केस. आणि हा आखूड, ठिपका नसलेला, हा मधेच तुटलेला. काय लावतेस डोक्याला?"

"साबनाची वडी. कापडाची."

"ती कापडालाच लाव. तुटतात ते त्याने तुटतात, आणि ओल्या केसांत फणी ओढतेस त्याने. पण गोळ्यात बहुतेक मुळातले आहेत. ते धुण्याने नाही जात. केस डोक्यावर सुटलेला असतो आधीच, पाणी त्याला फक्त खाली आणतं. चांगल्या माणसाचेही रोज पन्नास-शंभर जातात. तू नऊ दिवस धुतलं नाहीस, म्हणून नऊ दिवसांचे एकदम हातात आले. तुझे मात्र जास्त जाताहेत, ते खरं. मोठा ताप आला होता का तीन-चार महिन्यांत?"

"नाय."

"बाळंतपण झालं?"

बयाबाईने पुडीचा कागद सारखा केला. मग म्हणाली, "नाय. म्हंजी... झालं."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. श्रावणापासून कार्तिकापर्यंत हे विचारणारी ती पहिलीच बाई. बयाबाईने सांगितलं. आठवा महिना, मुलगा, रडला नाही. ती रडायला लागली तेव्हा बाईंनी बाहेरची रांग हाताने थांबवली.

"मूल जगो न जगो, शरीराला ते बाळंतपणच," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस असे जातात. पुष्कळ जातात. मग आपोआप थांबतात आणि नवे येतात. सहा महिने धर, थोडे जास्त. तू धुतलंस तरी येतील, नाही धुतलंस तरी येतील. कळलं?"

"आनि त्याल? गोदूबाय म्हनते रोज धुतलं की टाळू ज्यास्त त्याल काढते."

"टाळूला काय कळतं तू कधी न्हायलीस ते? ती तिच्या चालीने तेल काढते, धुतलंस तरी तेवढंच, नाही धुतलंस तरी तेवढंच. तुझं डोकं चिकट होतं ते गिरणीच्या घामाने आणि भुग्याने. आणि सकाळी तेल चोपडून जाऊ नकोस, धूळ त्यालाच बसते. लावायचंच तर सुट्टीच्या आदल्या रात्री लाव. माझं ऐकशील तर एवढंच ऐक, डोकं मळलं की धुवायचं. तुझं रोज मळतं, तर रोज धू. गावी असशील आणि आठवड्याने मळत असेल तर आठवड्याने धू. यात पाप नाही नि पुण्यही नाही. फक्त साबण सौम्य हवा. शिकेकाई चालेल, शांपू चालेल. थोडा, टाळूला, बोटांच्या पेरांनी."

बयाबाई दवाखान्यातून निघाली ती तरंगत. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तिने शांपूची सगळ्यात लहान बाटली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. थेंबभर हातावर घेतला की एवढा फेस व्हायचा, की तिला हसू यायचं. पंधरा दिवस ती रोज न्हायली आणि रोज केस मोजले. खरंच मोजले, दहा-दहाची जुडी करून. नव्वद, एकशेवीस, शंभर. जास्तच होते, पण धुण्याने वाढत नव्हते. आणि चिकटपणा? तोही वाढला नाही. उलट टाळूवरचे फोड बसले. तिने हे सगळं हैबतीला सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. खिडकीबाहेर बघत होता.

तेवढ्यात वाडीतला गोमाजी मुंबईला आला आणि त्याने सासूचा निरोप आणला. तिच्या सासूचं नाव ठमाबाई. निरोप असा होता, की सवाष्ण बाई रोज डोक्यावरून न्हाते असं कानावर आलं. सुतक असल्यागत रोज केस ओले. असं केल्यावर घरात पोर राहील कसं?

हे म्हातारीने म्हणायचं! आणि गोमाजीने ते चार माणसांत सांगायचं! बयाबाई भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. पोर आठव्या महिन्यात गेलं ते हिच्या न्हाण्याने, असं झालं म्हणजे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं, पण गोमाजीसमोर ते बोलायचं कसं? तिने हैबतीकडे पाहिलं. हा आता म्हणेल काहीतरी. आपल्या बाजूने म्हणेल.

हैबती म्हणाला, "गावी जा थोडे दिस. केस आले की न्यायला येतो."

पौषात ती वाडीवर परत आली. एसटीने महाड, महाडहून पोलादपूर, आणि पुढे दोन कोस चढण. ठमाबाईने तिला दारातच थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पदर बाजूला करून डोकं बघितलं. मग फक्त "हं" म्हणाली. नियम लागला तो त्याच दिवसापासून. शुक्रवारी न्हायचं, एरवी नाही. विंचरून निघालेलं गुंतवळ सासूच्या हातात द्यायचं. केस कुठेही टाकायचे नसतात, कुणी करणी-बिरणी करील, म्हणून मोरीच्या भिंतीच्या खोबणीत ते साठवायचे, आणि पोतमणी विकणारी बाई आली की तिला देऊन सुया घ्यायच्या. ठमाबाई दर शुक्रवारचं गुंतवळ वेगळं ठेवायची. कमी होतंय का ते बघायला.

रात्री बयाबाई ओटीवर एकटी निजायची. मुंबईत चार पावलांच्या खोलीत तिला हैबतीच्या घोरण्याचा त्रास व्हायचा, इथे नुसता डोंगर. तिला तो माणूस हवा होता. अगदी सरळ सांगायचं तर तिला नवरा हवा होता, ती खोली हवी होती, संध्याकाळी कामावरून येणारी पावलं हवी होती. आणि ते सगळं आता तिच्या डोक्यावरच्या केसांना बांधलेलं होतं.

निजल्या निजल्या तिने हिशेब घातला. केस येणारच आहेत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पण शुक्रवारी-शुक्रवारी न्हाऊन ते आले, तर ही माणसं काय म्हणणार? बघा, रोजचं न्हाणं बंद केलं आणि केस आले. म्हणजे मुंबईचं न्हाणं वाईट, मुंबईच वाईट, इथेच राहा. केस आले नाहीत तरी इथेच. दोन्हीकडून मरण! सुटायची वाट एकच होती. इथेही रोज न्हायचं, आणि रोज न्हाऊन केस यायला हवेत. मग कुणाला बोलायला तोंडच राहणार नाही.

आता बघा, वाडीत धूळ नव्हती, धूर नव्हता, रोज न्हायची काही गरजच नव्हती. तिचं डोकं आठवडाभर स्वच्छ राहायचं. तरीही ती रोज न्हायली. लाकडांच्या निमित्ताने वरच्या ओढ्याला जायची. रानात शिकेकाईच्या शेंगा हव्या तेवढ्या. त्या ती दगडावर ठेचायची, करवंटीत भिजवायची. बाटलीतला उरलेला शांपू माघातच संपला होता. गार पाण्याने मस्तक बधिर व्हायचं. मग उन्हात खडकावर बसून केस पुरते वाळवायचे, बोटांनी सोडवायचे, अंबाडा घालायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन घरी. गळलेले केस ओढ्यात सोडायला तिचं मन धजायचं नाही. ते ती पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि शुक्रवारच्या गुंतवळात घालायची. त्यामुळे सासूच्या हातात जायचं ते सात दिवसांचं खरं माप. लबाडी करायची तर तीही चोख.

पौषात गुंतवळ लिंबाएवढं होतं. माघात आवळ्याएवढं. शिमग्याच्या आसपास सुपारीएवढं झालं आणि तिथेच राहिलं. चैत्रात कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस उभे राहिले, तान्ह्या पोराच्या जावळासारखे मऊ, कितीही पाणी लावलं तरी न बसणारे. बयाबाई पाण्यात वाकून ते बघायची आणि एकटीच हसायची. त्या चार महिन्यांत ती दुसरं कशाला हसली नाही.

राबाच्या भाजणीत सगळ्यांचीच डोकी राखेने भरली. त्या दिवशी ती उशिरा ओढ्याला गेली आणि शिकेकाईचा फेस डोक्यावर असतानाच मागून हाक आली.

"काय चाललंय गो?"

ठमाबाई खडकावर उभी. हातात कोयती. बयाबाईला पळायला जागा नव्हती आणि आता पळायचंही नव्हतं.

"न्हाते, आत्या. रोज न्हाते. पौषापासनं एक दिस चुकले नाय."

"रोज?"

"रोज. आनि गुतवाळ तुमच्या हातात हाय. बगा कमी झालं का नाय. न्हान्यानं जात असतं तर आज डोस्क्यावर येक ऱ्हायला नसता."

ठमाबाई खाली बसली. तिने सुनेचं डोकं हातांत धरलं आणि कपाळावरचे ते आखूड केस अंगठ्याने उलटे केले. एकदा, दोनदा. "मंग गेले कशानं?"

"पोर झालं ना, आत्या. पोर ऱ्हायलं नाय, पन झालं तर व्हतंच. डाकतरीन म्हनली, त्यानंच गेले केस."

म्हातारीने कोयती खाली ठेवली. ओढ्याचं पाणी घेऊन तिने स्वतःच सुनेच्या डोक्यावरचा फेस उतरवला. मग म्हणाली, "हैबतीच्या आदी माजी दोन गेली. येक पाच दिसांची, येक जल्मताच. दोनीदा केस गेले. तवा माजी सासू म्हनली, तू आमुशेला न्हायलीस." तिने पाणी ओतणं थांबवलं. "मला खरंच वाटलं व्हतं गो. आजपतूर."

दोघी ओल्या हातांनी तिथेच बसून राहिल्या. निरोपाबद्दल ठमाबाईने माफी मागितली नाही, त्या पिढीला ते येत नव्हतं. पण त्या रात्री तिने सुनेचं अंथरूण ओटीवरून आत, आपल्याशेजारी घेतलं. बयाबाईला वाटलं, आपण जिंकलो. आता कोण अडवतो!

वैशाखात हैबती रजेवर आला. आल्या दिवशीच ठमाबाईने त्याला समोर बसवलं. "ही हितं रोज न्हायली. मी डोळ्यानं बगितलं. केस बग. न्हान्याचा काय दोस नाय. ज्येष्ठाच्या आत तिला घेऊन जा." हैबतीने बायकोच्या केसांकडे बघितलं, मान हलवली, "बरं" म्हणाला. आठ दिवस त्याने कौलं शाकारली, वळचण नीट केली. बयाबाईशी तो चांगलाच वागला. आंबे पाडून दिले. फक्त ती ओढ्यावरून केस मोकळे सोडून आली, की तो उठून दुसरीकडे जायचा. तिने ते पाहिलं, पण आनंदात असलेल्या माणसाला अशा गोष्टी टोचत नाहीत.

निघायच्या दिवशी तिने बोचकं बांधलं. ठमाबाईने नाचणीचं पीठ, आमसुलं आणि शिकेकाईची एक पिशवी दिली. दोघं पोलादपूरला उतरली, तिथून महाडच्या गाडीत बसली. महाडच्या स्टँडवर दुपारची मुंबई गाडी लागलेली होती. माणसं खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरत होती. हैबती तिकिटाच्या खिडकीशी गेला आणि परत आला. त्याच्या हातात एकच तिकीट होतं.

"माजं?" बयाबाई म्हणाली.

तो तिच्याकडे बघेना. बोचक्याची गाठ बघत राहिला.

"केस आले की नेतो म्हनलावता. आले की केस! हे बगा!" तिने भर स्टँडवर पदर मागे केला. लोक बघायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"केसांचं नव्हतं गो," हैबती म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की तिला पुढे वाकावं लागलं. "तू विस्पितळातनं आलीस त्या दिशी तुला डोस्क्यावरनं सुतकाची आंगूळ घातली व्हती. मी त्याला ठेवून आलो. तिनीसांज झाली व्हती. तू दारात वले केस सोडून बसलेली. मंग पुन्ना कामावर लागलीस, आनि रोज मी तिनीसांजेला येयाचो तर तू तशीच. रोज. मला वाटायचं, रोज ठेवून येतोय मी त्याला." त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "न्हाऊ नको म्हनू कसा? तुज्या डोस्क्यात भुगा. आनि काय म्हनून सांगू?"

कंडक्टरने घंटी दिली. बाळाबद्दल तो नऊ महिन्यांत पहिल्यांदा बोलला होता. तिला त्याचा हात धरायचा होता आणि त्याच्या एक थोबाडीतही द्यायची होती. "दिवाळीला बगू," म्हणत तो मागच्या दाराने आत चढला. खिडकीशी आला, पण त्याने बाहेर पाहिलं नाही. गाडी वळली आणि लाल धुरळा उठला तो स्टँडवरच्या सगळ्यांच्या डोक्यांवर बसला.

धुरळा खाली बसेपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिला सुचलं. गाडी गांधारी नदीच्या पुलाकडे दिसेनाशी झाल्यावर सुचलं. मुंबईत पहाटे चारला नळ यायचा. तिला कधीही उठता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी रोज धू म्हटलं होतं, संध्याकाळीच धू असं थोडंच म्हटलं होतं!

"सकाळी न्हायले असते की मी," ती मोठ्याने म्हणाली.

शेजारी टोपलीत अळू घेऊन बसलेल्या म्हातारीने वर बघितलं. "काय म्हनलीस गो?"

"काय नाय," बयाबाई म्हणाली. तिने बोचकं उचललं आणि पोलादपूरची गाडी कुठे लागते ते विचारत ती स्टँडच्या दुसऱ्या टोकाला गेली.